दोघांनी ताडून पाहिलेलं

ताईने आमच्या ऑनलाइन जाहिरातीच्या कॅप्शनचा मसुदा पाठवला, तेव्हा मी एका कारखान्याच्या हिंदी नियमावलीत मान घालून बसले होते. मशीनवर काम करताना सैल कपडे घालू नयेत, हे इंग्रजीत नेमकं किती धाक घालून सांगायचं याचा विचार चालला होता. ताईला असल्या विचारांशी घेणंदेणं नसतं. तिचं पडद्याच्या कापडाचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकाला विचार करायला वेळ दिला की गिऱ्हाईक जातं, हे तिचं ठाम मत आहे.

तिने लिहिलं होतं:

"कागद अडलाय? आम्ही आहोत ना! मराठी, हिंदी, इंग्रजी. कुठूनही कुठेही भाषांतर. दाखले, प्रतिज्ञापत्रं, करार, मृत्युपत्रं. दोन पानांपर्यंत चोवीस तासांत हातात. प्रत्येक कागद दोघांनी ताडून पाहिलेला. कामाचा नमुना पुढच्या चित्रात."

मी फोन केला. "'आम्ही आहोत ना' काय? गॅस दुरुस्तीवाले आहोत का आपण?"

"लोक थांबून वाचतात त्याने," ताई म्हणाली. "तू तुझे स्वल्पविराम सांभाळ. आणि नमुना पाठव. ते मागच्या आठवड्यातलं मृत्युपत्र आहे ना, त्यावरची नावं काळी कर आणि टाक."

"नाही."

"अगं, नावं काळी करून!"

"नावं काळी केली तरी घर तेच राहतं, भांडण तेच राहतं. शेजारचा माणूस एका ओळीत ओळखेल. कागद आपला नसतो ताई, आपल्याकडे मुक्कामाला आलेला असतो."

"मग काहीतरी बनव. पण आज-उद्या दे. जाहिरात नाही तर काम नाही, हे तुला कधी कळणार?"

हे मात्र खरं होतं. इतकी वर्षं आम्हाला काम पाठवणारे दोघे जुने वकील एकापाठोपाठ घरी बसले होते. त्यांच्या जागी आलेली तरुण मंडळी फोनवर शोधतात, पहिलं दिसेल त्याला काम देतात आणि विचारतात एकच, "कधी मिळेल?" त्या प्रश्नाला आमच्याकडे चांगलं उत्तर होतं. चोवीस तास. आणि ते उत्तर ज्यांच्या जोरावर होतं ते माझ्यासमोर बसले होते, पेन्सिलीला टोक करत.

बाबा न्यायालयाच्या भाषांतर विभागातून निवृत्त झाले ते थेट माझ्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत येऊन बसले. मधे एक दिवससुद्धा घरी राहिले नाहीत असं आई म्हणायची, आणि टेबल घरातच होतं हे तिला पटायचं नाही. माझ्या पहिल्या कार्डावर 'प्रत्येक कागद दोघांनी ताडून पाहिलेला' ही ओळ त्यांनीच घातली होती. ताईने तिच्या मसुद्यात सगळं बदललं, पण ही ओळ जशीच्या तशी ठेवली. बाबांच्या ओळीला हात लावायची तिचीही छाती नव्हती.

ताडून पाहण्याला बाबा 'ताळा' म्हणतात. आमची पद्धत अशी: मूळ कागदाची झेरॉक्स बाबांपुढे, माझं भाषांतर माझ्यापुढे. मी माझं भाषांतर मोठ्याने वाचायचं, एकेक वाक्य, सावकाश. बाबांनी मूळ कागदावर नजर ठेवायची आणि वाक्य जुळलं की समासात पेन्सिलीने बारीक खूण करायची. तारीख चुकली, आकडा फिरला, ओळ राहिली, की पेन्सिल वर. पेन्सिल वर गेली की माझं तोंड बंद. जो लिहितो त्याने आपलंच लिहिलेलं लगेच तपासलं, तर त्याला जे लिहायचं होतं तेच दिसतं, जे लिहिलंय ते दिसत नाही. म्हणून दुसरे डोळे लागतात. ते डोळे घरातच असल्यामुळे आज घेतलेला कागद उद्या देता यायचा.

पूर्वी एका पानात पेन्सिल एकदा तरी वर जायचीच. अलीकडे जात नव्हती. मला वाटलं, मी सुधारले. स्वतःबद्दलचं चांगलं पटायला फार पुरावा लागत नाही.

मागच्या आठवड्यात तयार झालेलं ते मृत्युपत्र न्यायला दोघं आले. पुढे सायकलच्या दुकानाचा मालक, हाताच्या रेघांत कायमचं काळं ग्रीस बसलेला, आणि मागे त्याची सावत्र आई. तो तिला 'नवीआई' म्हणायचा. ती घरात आली तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं, आणि ती आता म्हातारी झाली तरी त्याच्या तोंडी नवीच राहिली होती. त्याच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने मराठीत दोन पानं लिहून ठेवली होती. थोरला भाऊ परदेशात, त्याच्या वकिलाला इंग्रजी प्रत हवी होती. ती पाहूनच तो संमतीची सही करणार होता. सरळ काम होतं.

मी पाकीट पुढे केलं. भाषांतर, त्याला जोडलेली मूळ कागदाची प्रत आणि शेवटी माझं नेहमीचं निवेदन: हे भाषांतर मूळ दस्तऐवजाशी ताडून पाहिलं असून ते पूर्ण व अचूक आहे. खाली सही, शिक्का.

सायकलवाल्याने पानं चाळली. "छान टाईप केलंय," म्हणाला. इंग्रजी त्याला वाचता येत होतं, पण कायद्याचं इंग्रजी पाहून माणूस जसा चाळतो तसंच त्याने चाळलं.

नवीआई खुर्चीच्या कडेवर बसली होती. ती म्हणाली, "माझी ओळ कुठली?"

"कुठली ओळ?"

"माझ्या खोलीची. यांनी लिहिलीय ना, मागची खोली. मला इंग्लिश येत नाही. तुम्ही नुसतं बोट ठेवा, इथे आहे म्हणून. मी बघून ठेवते."

"हो, हो, ठेवते की," मी म्हटलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. पहिलं पान पाहिलं. दुसरं पाहिलं. बोट खाली नेलं, वर आणलं. मूळ कागद उलगडला.

मूळ कागदावर त्या माणसाने लिहिलं होतं: "माझ्या पश्चात माझ्या पत्नीने मागची खोली हयात असेपर्यंत वापरावी, तिला तिथून कोणी उठवू नये." आणि लगेच पुढच्या ओळीला: "माझ्या पश्चात माझ्या पत्नीने दुकानातील मालावर हक्क सांगू नये." दोन्ही ओळींची सुरुवात एकच. आदलं वाक्य टाईप करून मी पडद्यावरून नजर पुन्हा कागदावर आणली असणार, 'माझ्या पश्चात माझ्या पत्नीने' दिसलं असणार आणि मी पुढे गेले असणार, चुकीच्या ओळीवरून. आमच्या धंद्यात हे घडतं. घडतं म्हणूनच तर ताळा असतो.

माझ्या भाषांतरात नवीआईची एकच ओळ होती. मालावर हक्क सांगू नये.

"सापडत नाही का?" तिने विचारलं.

"राहिलीय," मी म्हटलं.

"राहिलीय म्हणजे?"

"इंग्रजीत यायची राहिलीय. माझ्या हातून गळली."

ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती मुलाकडे बघत होती. त्याचा चेहरा आधी कोरा होता, मग त्याला कळलं आणि कानापर्यंत लाल झाला.

"नवीआई, माझ्याकडे काय बघतेस? मला काय माहीत?"

"एवढं सगळं लिहिलं आणि माझीच ओळ गळते," ती हळूच म्हणाली. "वाटलंच होतं मला."

"अगं, शप्पथ घेतो!"

"शपथ कशाला घेतोस. मी काही म्हटलं का?"

मी मधे पडले. चूक माझी आहे, यांनी आजपर्यंत एक अक्षरही सांगितलेलं नाही, हवं तर लिहून देते, असं सगळं म्हणाले. त्यांच्यादेखत सही केलेली पानं फाडली. तिथेच बसून ती ओळ घातली आणि मग सायकलवाल्याला म्हटलं, तुम्ही मूळ कागद वाचा, मोठ्याने, पहिल्यापासून. तो वाचू लागला. मी प्रत्येक वाक्याला इंग्रजीवर बोट ठेवत गेले. खोलीच्या ओळीशी तो आला. "तिला तिथून कोणी उठवू नये," त्याने वाचलं. मी नवीआईचं बोट धरून इंग्रजी ओळीवर ठेवलं. तिने ते बराच वेळ उचललं नाही.

नवी प्रत काढली, सही केली, शिक्का मारला. जाताना ती पुढे निघाली आणि तो मागे. तो काहीतरी समजावत होता. कागद दुरुस्त झाला होता, पण ती घरी जाऊन त्याच्या हातचा चहा पूर्वीसारखा घेईल की नाही हे काही माझ्या हातात राहिलं नव्हतं.

बाबा या सगळ्या वेळात खुर्चीतून हलले नव्हते.

मी फायलीतून ती झेरॉक्स काढली. समासात खुणा होत्या, एकाखाली एक, सुबक. आणि 'मागची खोली' या ओळीपुढेही एक खूण होती.

"बाबा, ही खूण तुमची?"

"माझीच असणार."

"ही ओळ मी वाचलीच नव्हती."

मी झेरॉक्स त्यांच्यापुढे सरकवली.

"मी जी ओळ वाचली नाही, त्या ओळीपुढे खूण कशी आली?"

त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. "मधोमध डाग दिसतो," ते म्हणाले. "ज्या अक्षराकडे बघावं तेच जातं. कडेचं दिसतं. खिडकी दिसते, तू दिसतेस, कागद आहे हे दिसतं. त्यावर काय आहे ते दिसत नाही."

"मग खुणा कशा करता?"

"तू थांबलीस की करतो. एक खाली, मग एक खाली. शेवटी जागा उरली की तिथेही करतो."

"कधीपासून?"

"थंडी होती तेव्हापासून."

आता पंखे लावून बसायचे दिवस होते. मी मनातल्या मनात एकेक फाईल उघडू लागले. थंडीपासूनच्या सगळ्या. त्यातल्या प्रत्येकावर मी 'ताडून पाहिलं असून' लिहिलं होतं आणि सही ठोकली होती. माझं डोकं फिरलं. मी रागीट आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण बाबांवर आवाज चढवायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

"सांगितलं का नाही? आणि खोट्या खुणा कशाला करायच्या? नुसतं म्हणायचं ना, आज दिसत नाही!"

"मग तू उद्याही विचारलं असतंस."

"विचारलं असतं! मग?"

"मग मी कुठे बसलो असतो?" बाबा म्हणाले.

मला त्यांची दया यायला हवी होती. ती नंतर आली, आणि आली ती चांगली रात्रंदिवस मुक्कामाला आली. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे नवीआईचं बोट होतं.

"तुम्हाला बसायला खुर्ची हवी म्हणून त्या बाईची खोली गेली असती, बाबा."

त्यांनी मान खाली घातली. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उगाचच उभी राहिले.

ताई बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. तोवर मी थंडीपासूनच्या सगळ्या फायली काढून एकटीने पुन्हा ताडायला घेतल्या होत्या. एका दाखल्यात घराचा क्रमांक उलटा पडला होता, त्या माणसाला फोन करून दुरुस्त प्रत दिली. बाकी कागद सहीसलामत होते. प्रत्येक सहीसलामत कागदामागे माझा जीव भांड्यात पडत होता आणि पुढची फाईल उघडली की पुन्हा बाहेर येत होता.

दवाखान्यातून ताई थेट माझ्याकडे आली. बाबांना आतल्या खोलीत पलंगावर बसवलं, डोळ्यांत थेंब घातले आणि बाहेर येऊन दार लोटून घेतलं.

"कॅप्शन आज लावायचंच," ती म्हणाली. "नाहीतर तू घर कसं चालवणार आहेस?"

"लाव. पण ती ओळ काढ."

"कुठली?"

"तुला माहीत आहे कुठली."

ताईने आवाज खाली आणला. "एवढी एक ओळ राहू दे गं. कोण विचारायला येतंय घरी, दोघं कोण म्हणून? मी संध्याकाळी येऊन बसेन तुझ्यासमोर. मी दुसरी. झालं?"

"तुला हिंदी कायद्याचा कागद वाचता येतो?"

"मी खुणा करेन."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं. मग ती रडायला लागली, आवाज न करता, ओढणीत तोंड घालून. "अगं, ते रोज मला विचारतात," ती म्हणाली. "जाहिरातीत आपली ओळ आहे ना म्हणून. काढली असं कुठल्या तोंडाने सांगू? तू सांग. तू कठोर आहेस, तुला जमेल."

मी कठोर नाही. पण ओळ खोटी होती, आणि खोटी ओळ वर लटकवून खाली लोकांचे खरे कागद घ्यायचे हे माझ्याने झालं नसतं. तसं मी ताईला सांगितलं. आणि बाबांना मीच सांगेन म्हटलं. म्हटलं खरं, पण उठले नाही.

लोटलेलं दार उघडलं. डोळे गेले तरी बाबांचे कान शाबूत होते, हे आम्ही दोघी विसरलो होतो.

भिंतीला हात लावत ते आले आणि आपल्या खुर्चीत बसले. "ती काढली का?" त्यांनी मला विचारलं.

"अजून नाही."

"काढ. मी घातली होती, मीच सांगतोय."

ताई म्हणाली, "बाबा, ही मूळ कागद वाचेल, मग भाषांतर वाचेल, तुम्ही नुसतं ऐका. कान तर तुमचे चांगले आहेत."

"दोन्ही हीच वाचणार म्हणजे डोळे एकाच माणसाचे," बाबा म्हणाले. "ज्या ओळीवरून एकदा उडी मारली तिच्यावरून दुसऱ्यांदाही मारेल. छापील कागद फोन वाचून दाखवील, पण लोक आणतात ते हाताने लिहिलेले, शिक्के पडलेले, दुमडलेले. नको. फसवणूक नको." मग माझ्याकडे वळून, "नमुना झाला का?"

"नाही झाला."

"कुणाचा खरा कागद घेऊ नकोस."

"नाही घेत."

"मग मी सांगतो, तू टाईप कर. लहानच आहे. शीर्षक मधोमध. दाखला."

मी संगणक उघडला. बाबा कार्यालयात असताना लावायचे तो आवाज त्यांनी लावला, सपाट, कुणाचीही बाजू न घेणारा.

"दाखला देण्यात येतो की, सदर व्यक्ती या कार्यालयात ताळा वाचक या पदावर काम करीत होती."

माझी बोटं चालत होती. 'या पदावर' टाईप झालं आणि मग मला कळलं मी काय टाईप करतेय. मी थांबले.

"थांबू नकोस," ते म्हणाले. "थांबलीस की मला खूण करावीशी वाटते."

ताई रडता रडता हसली. मला हसू आलं नाही.

"दृष्टी अधू झाल्यामुळे व स्वतःच्या विनंतीवरून," त्यांनी पुढे सांगितलं, "त्यांना आजपासून कार्यमुक्त करण्यात येत आहे. त्यांच्याकडे कार्यालयाचा कोणताही कागद शिल्लक नाही. त्यांच्या कामाच्या शेवटच्या काळात त्यांच्याकडून एका दस्तऐवजात गंभीर चूक झाली, ती वेळीच दुरुस्त करण्यात आली. त्यांचे वर्तन चांगले होते."

"बाबा, दाखल्यात चूक कोण लिहितं?" मी म्हटलं. "ही ओळ मी घेत नाही."

"ओळ गाळतेस?" बाबांनी विचारलं. "पुन्हा?"

मी ओळ घेतली.

मग त्याच बैठकीत त्याचं हिंदी केलं आणि इंग्रजी केलं. हिंदीत 'कार्यमुक्त किया जाता है' लिहिताना काही वाटलं नाही, सरकारी हिंदीत कुणाचंच कुणी लागत नाही. इंग्रजीत मात्र त्या एका वाक्याशी खूप वेळ अडले. इंग्रजीत सोडणं, सुटणं आणि काढून टाकणं यांना जवळजवळचे शब्द आहेत, आणि मला नको असलेला शब्दच आधी सुचत होता. बाबा वाट पाहत बसले होते. त्यांनी घाई केली नाही. शेवटी मी असा शब्द घेतला ज्यात माणसाच्या खांद्यावरचं काम उतरवून घेतलं जातं.

ताईने तिन्ही पानं शेजारी शेजारी लावून चित्र तयार केलं. मग ती फोन हातात घेऊन म्हणाली, "ती ओळ उडवली. 'आम्ही आहोत ना' पण उडवलं, तुझी कटकट नको. बाकी तसंच. लावू?"

"वेळ किती लिहिलाय?" बाबांनी विचारलं.

"चोवीस तास. तो बदलायचा नाही हं, त्यावरच लोक येतात."

"भाषांतर ही एका दिवसात करेल. मग ताळा कोण करणार?"

"मीच करणार," मी म्हटलं.

"लगेच?"

उत्तर त्यांना माहीत होतं, त्यांनीच मला शिकवलं होतं. आपलं लिहिलेलं आपण तपासायचं तर ते डोळ्यांवरून उतरू द्यावं लागतं. कागद झाकून ठेवायचा, दुसरं काहीतरी करायचं, झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या कुणीतरी केलाय असं समजून बसायचं.

"दुसऱ्या दिवशी," मी म्हटलं.

"मग तसं लिही."

"बाबा, सगळे चोवीस तास लिहितात!" ताई कळवळून म्हणाली. "कुणी कुणी तर चार तास लिहितात. लोक आपल्याला सोडून तिकडे जातील."

"जातील," बाबा म्हणाले. "काही जण येतील."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने पुटपुटत बदल केला आणि बाबांसाठी मोठ्याने वाचून दाखवलं:

"मराठी, हिंदी, इंग्रजी. तिन्हींतून तिन्हींत कागदपत्रांचं भाषांतर. दाखले, प्रतिज्ञापत्रं, करार, मृत्युपत्रं. दोन पानांपर्यंत अठ्ठेचाळीस तास: पहिला दिवस भाषांतराचा, दुसरा तपासणीचा. तुमचा कागद कुणालाही दाखवला जात नाही. पुढच्या चित्रातला नमुना याच कामासाठी तयार केलेला आहे."

ताईचं वाचून झालं. बाबा टेबलावर हात ठेवून बसले होते. मला वाटलं त्यांना ओळ गेल्याचं लागलं असेल. ती मसुद्यात कुठे बसत होती, हे ते आठवत असतील. पण ते हिशेब करत होते.

"आधी एक दिवस लागायचा," ते म्हणाले. "आता दोन."

"हो."

"म्हणजे मी बसायचो, तेव्हा माणसाचा एक दिवस वाचायचा."

"हो बाबा."

"प्रत्येक कागदामागे?"

"प्रत्येक कागदामागे," मी म्हटलं, आणि मग मला रडू आवरेना.

बाबांनी माझा हात शोधला. समोर बघून सापडेना, तेव्हा मान जरा तिरकी करून कडेच्या नजरेने शोधला आणि धरला.

"बरेच दिवस वाचले की गं मग," ते म्हणाले.